‘शिला’ची ‘शीला’ करताना: आठ भागांत नाव बदललं, वेळेला हात लावला नाही

मी साताऱ्यात, शाहूपुरीत राहते आणि घरूनच मराठी सबटायटलचं काम करते. गेल्या सप्टेंबरात एक दुरुस्तीचं काम आलं. वाचायला एका ओळीचं होतं, पण करताना बरंच काही सांभाळावं लागलं. अशी दुरुस्ती कशी करतात याबद्दल मराठीत शोधूनही मला काही सापडलं नव्हतं, म्हणून घडलं तसं लिहून ठेवतेय.

१८ सप्टेंबरला निर्मिती संस्थेकडून मेल आला. आठ भागांची वेब मालिका, घडते साताऱ्यातच. ऐकू न येणाऱ्या प्रेक्षकांसाठी केलेली मराठी सबटायटल तयार होती. ती दुसऱ्या कुणी केली होती आणि काम चांगलं होतं. फक्त नायिकेचं नाव सगळीकडे ‘शिला’ पडलं होतं, कारण टंकलेखनासाठी दिलेल्या पटकथेतच तसं होतं. श्रेयनामावलीत आणि पोस्टरवर मात्र ‘शीला’. ऐकू न येणारा माणूस नाव फक्त वाचूनच ओळखतो. त्याला सुरुवातीला पडद्यावर एक नाव दिसावं आणि पुढे सहा तास दुसरं, हे बरं नाही.

मेलमध्ये दुसरी अट ठळक अक्षरांत होती: कुठल्याही ओळीची सुरू होण्याची किंवा संपण्याची वेळ बदलता कामा नये. कारणही दिलं होतं. इंग्रजी आणि हिंदी सबटायटल याच वेळांवर बसवलेली होती आणि तपासणीतून पास झालेली होती. मराठी फाइलमधली एक वेळ हलली तरी तिन्ही भाषांची पुन्हा तपासणी लागली असती, आणि तिचे पैसे वेगळे. सोबत एक फॉर्म होता. बदललेल्या प्रत्येक ओळीसाठी भाग क्रमांक, सबटायटलचा क्रमांक, जुना मजकूर आणि नवा मजकूर भरून द्यायचा होता. ‘सगळीकडे नाव बदललं’ एवढं लिहून भागणार नव्हतं.

कामाचे ४,००० रुपये ठरले, टीडीएस कापून. मी होकार कळवला आणि त्याच मेलमध्ये तीन प्रश्न विचारले. आई तिला लाडानं ‘शिलू’ म्हणते, त्याचं ‘शीलू’ करायचं का? नवरा हाक मारताना ‘शिले’ म्हणतो, त्याचं काय? आणि पाचव्या भागात ‘सुशिला’ आहे, तिला हात लावायचा का? उत्तर येईपर्यंत फाइल बदलायला घ्यायची नाही, असं मी ठरवलं होतं. नाव बदलण्याच्या कामात ही विचारणा आधी लेखी झालेली असावी. नंतर फोनवर ‘मॅडम, ते असू द्या हो’ असं कुणी म्हटलं, तर फॉर्ममध्ये ते दाखवता येत नाही.

उत्तर यायला पुढचा आठवडा उजाडला. तोवर मी फाइली नुसत्या वाचत बसले.

एसआरटी फाइल म्हणजे साधा मजकूर असतो. एक क्रमांक, त्याखाली वेळेची ओळ, त्याखाली संवाद, मग एक रिकामी ओळ. चौथ्या भागातला हा तुकडा बघा:

```
412
00:21:07,480 --> 00:21:09,920
शिलाकडं दे ते. तिचं शिलाई
मशीन आहे की घरात.
```

सगळी अडचण या एका तुकड्यात दिसते. पहिला शब्द बदलायचा आहे, चौथ्या-पाचव्या शब्दापाशी आलेला ‘शिलाई’ बदलायचा नाही. ‘शिला’ शोधून ‘शीला’ घालण्याची आज्ञा दिली, तर संगणक ‘शीलाई मशीन’ करून मोकळा होईल. आणि या मालिकेत नायिका शिवणकाम करून घर चालवते, त्यामुळे शिलाई हा शब्द दर भागात येतो.

तेवढ्यावर भागलं असतं तर बरं. तिचे सासरे इतिहासाचे निवृत्त शिक्षक आहेत. ते नातवाला घेऊन अजिंक्यताऱ्यावर जातात आणि किल्ला शिलाहार राजा दुसऱ्या भोजानं बांधला असं मानतात, हे सांगतात. वाटेत शिलालेखाची गोष्ट निघते. शाहू महाराजांच्या काळातल्या साताऱ्याबद्दल बोलताना शिलेदार येतात. दसऱ्याच्या प्रसंगात आजी ‘शिलंगणाचं सोनं’ म्हणते. महिनाअखेरीला ‘शिल्लक काय राहिली’ हे तर प्रत्येक घरात निघतंच.

मराठीत नाव एका रूपात राहत नाही, ही दुसरी अडचण. ‘शिला’ शोधलं तर शिलाला, शिलाच्या, शिलानं, शिलाताई ही सापडतात. पण जुन्या वळणाचे सासरे ‘शिलेला सांग’, ‘शिलेच्या हातचं’ असं बोलतात, आणि नवरा ‘शिले’ अशी हाक मारतो. त्यात ‘शिला’ ही अक्षरंच नाहीत. ती पकडायला ‘शिले’ शोधावं, तर ‘शिलेदार’ जाळ्यात येतो. ‘शिलू’ पकडायला आणखी मागे येऊन नुसतं ‘शिल’ शोधावं, तर ‘शिल्लक’, ‘शिल्प’ आणि ‘शिलंगण’ सगळेच येतात. म्हणून सरसकट बदल हा मार्ग बंद झाला. आठ भागांत एकेक शब्द हातानं बदलावा, तर नजर चुकण्याची भीती, आणि चुकून बोट वेळेच्या ओळीवर पडलं तर ते कळणारही नाही.

सबटायटलच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल उघडून बदल का केले नाहीत, तेही सांगते, कारण बहुतेकांना पहिला विचार तोच सुचेल. रोजच्या कामाला मी तीच सॉफ्टवेअरं वापरते. पण तशा सॉफ्टवेअरला फाइल म्हणजे मजकूर वाटत नाही. ते ती वाचून आपल्या पद्धतीनं समजून घेतं आणि सेव्ह करताना पुन्हा नव्यानं लिहून काढतं. त्यात रिकाम्या ओळी कमीजास्त होऊ शकतात, क्रमांक पुन्हा एकपासून पडू शकतात, आपोआप दुरुस्तीचा पर्याय चालू राहिला असेल तर एकमेकांवर चढलेल्या वेळाही सरकू शकतात. माझ्याकडच्या तिसऱ्या भागात २३० नंतर थेट २३२ होता. मधलं सबटायटल आधीच्या तपासणीत काढलेलं होतं, आणि तपासणीची सगळी कागदपत्रं त्या जुन्या क्रमांकांवर होती. क्रमांक सरळ झाले असते तर माझा फॉर्म आणि त्यांची कागदपत्रं एकमेकांशी जुळली नसती. फाइल एएसएस प्रकारात बदलून परत आणायचा विचारही मनात आणू नका. एएसएसमध्ये वेळ सेकंदाच्या शंभराव्या भागापर्यंतच लिहितात, एसआरटीमध्ये हजाराव्या. ४८७ मिलिसेकंदाची वेळ जाऊन आली की तिचा शेवटचा आकडा गेलेला असतो.

तेव्हा काम मजकूर म्हणूनच करायचं ठरलं. शेजारचा मुलगा अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. त्याला पायथॉन चांगलं येतं, मला जेमतेम. रविवारी दुपारी तो येऊन बसला. बाहेर पाऊस, वीज जाऊन-येऊन, लॅपटॉपची बॅटरी जपत आम्ही बसलो.

त्याला मी अडचण सांगितल्यावर तो म्हणाला, “काकू, सोपं आहे. फक्त पूर्ण शब्द शोधायचा. दोन्ही बाजूला `\b` लावू, म्हणजे शिलाई सुटेल.” इंग्रजीत ही खूण शब्दाची कड दाखवते. आम्ही एका भागाच्या प्रतीवर `\bशिला\b` चालवून पाहिलं, आणि निकाल बरोबर उलटा आला. ‘शिलाई’ सापडलं, ‘शिलालेख’ सापडला, ‘शिलाकडं’ही सापडलं. नुसती ‘शिला’ मात्र एकही नाही.

तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला आणि मग त्यानं कारण शोधून काढलं. पायथॉनच्या लेखी श आणि ल ही अक्षरं आहेत, पण ि आणि ा या मात्रा अक्षरांत धरलेल्या नाहीत. जिथे अक्षर आणि अक्षर-नसलेलं काही एकमेकांना लागतात, तिथे त्याला कड दिसते. ‘शिला’नंतर जागा आली, तर शेवटचा कानाही अक्षर नाही आणि जागाही अक्षर नाही, म्हणजे कडच नाही. ‘शिलाई’त काना संपून ई सुरू होते, तिथे त्याला कड दिसते. तेव्हा देवनागरीत `\b`वर विसंबू नका. शब्द म्हणजे काय, हे आपणच सांगायचं: देवनागरीची अक्षरं आणि मात्रा सलग जितक्या येतात तितका एक शब्द.

त्यानंतरची पद्धत मला फार आवडली, कारण तिच्यात निर्णय माणसाकडे राहतो. पहिल्यांदा काहीच बदलायचं नाही. आठही फाइलींतून ‘शिल’ ज्यात आहे असा प्रत्येक वेगळा शब्द काढून यादी करायची.

```python
import re, glob
yadi = set()
for nav in glob.glob('juna/*.srt'):
    with open(nav, encoding='utf-8', newline='') as f:
        yadi |= set(re.findall(
            r'[\u0900-\u0963\u200c\u200d]*शिल[\u0900-\u0963\u200c\u200d]*',
            f.read()))
print('\n'.join(sorted(yadi)))
```

आठ भागांतून ४०च्या आसपास वेगळे शब्द निघाले. हजारो ओळींऐवजी एका पानावर मावणारी यादी हातात आली. शिला, शिलाला, शिलाच्या, शिलाचं, शिलानं, शिलाकडं, शिलाबी, शिलाताई, शिलावहिनी, शिलाऽऽ, शिले, शिलेला, शिलेच्या, शिलू, शिलूचा. आणि त्यांच्यात मिसळून शिलाई, शिलाईचं, शिलालेख, शिलाहार, शिलेदार, शिलेदारांना, शिलंगण, शिलंगणाचं, शिल्लक, शिल्प, कोनशिला, सुशिला. मी ती छापून घेतली आणि पेननं प्रत्येकासमोर खूण केली: बदल, ठेव, विचार.

‘विचार’मध्ये ‘सुशिला’ होती, आणि तेवढ्यात संस्थेचं उत्तर आलं. शीलू आणि शीले करा. सुशिला तशीच ठेवा, कारण पाचव्या भागात दुकानावरच्या पाटीवर ‘सुशिला भांडी भांडार’ असंच रंगवलेलं आहे आणि सबटायटल पाटीशी जुळायला हवं. हे नुसती फाइल वाचून मला कधीच कळलं नसतं. सुशीला हे शुद्ध रूप म्हणून मी ते बदललं असतं, तर चित्र आणि मजकूर वेगळे पडले असते. मालिकेचा व्हिडिओ हाताशी नसेल तर नावांची दुरुस्ती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

यादी पक्की झाल्यावर ‘बदल’ खूण असलेले शब्द एका साध्या फाइलमध्ये लिहिले, एका ओळीत जुनं रूप, जागा सोडून नवं रूप. तिचं नाव `badal.txt`. मग दुसरी छोटी आज्ञावली:

```python
import re
badal = {}
for ol in open('badal.txt', encoding='utf-8'):
    june, nave = ol.split()
    badal[june] = nave
shabda = re.compile(r'[\u0900-\u0963\u200c\u200d]+')
with open('juna/bhag04.srt', encoding='utf-8', newline='') as f:
    t = f.read()
t = shabda.sub(lambda m: badal.get(m.group(), m.group()), t)
with open('nava/bhag04.srt', 'w', encoding='utf-8', newline='') as f:
    f.write(t)
```

ही फाइलमधला प्रत्येक देवनागरी शब्द उचलते, तो यादीत जसाच्या तसा असेल तरच बदलते, नाहीतर परत ठेवते. ‘शिलाई’ यादीत नाही, म्हणजे तिला काही होत नाही. वेळेच्या ओळीत इंग्रजी आकडे, स्वल्पविराम आणि बाण एवढंच असतं, देवनागरीचं एकही अक्षर नसतं, त्यामुळे ही आज्ञावली त्या ओळीपर्यंत पोचतच नाही. वेळ सुरक्षित राहते ती यामुळे. `newline=''` दोन्हीकडे लिहिणं महत्त्वाचं आहे. ते नसेल तर पायथॉन ओळ संपल्याच्या खुणा आपल्या सोयीनं बदलतो. डोळ्यांना फरक दिसत नाही, पण फाइल बदललेली असते. आणि जुनी फाइल `juna` या वेगळ्या फोल्डरमध्ये, केवळ वाचता येईल अशी करून ठेवलेली होती. नवी तिच्यावर कधीच लिहायची नाही.

आता तपासणी. माझ्या मते या कामाचा खरा वेळ इथे द्यावा.

पहिली खूण फाइलच्या आकाराची. यूटीएफ-८मध्ये पहिली वेलांटी आणि दुसरी वेलांटी दोन्ही तीन-तीन बाइट घेतात. त्यामुळे ‘शिला’ची ‘शीला’ कितीही ठिकाणी केली तरी फाइलचा आकार एका बाइटनंही बदलायला नको. फाइलवर उजवी कळ दाबून गुणधर्मांत जा आणि ‘साइझ’समोरचा आकडा बाइटपर्यंत जुळवा. तो वाढला किंवा कमी झाला तर नावाशिवाय आणखी काहीतरी बदललंय. आठही भागांचे आकडे तंतोतंत जुळले तेव्हा माझ्या खांद्यावरचा ताण उतरला.

दुसरी तपासणी थेट वेळांची. विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत जुन्या आणि नव्या फाइलमधल्या फक्त वेळेच्या ओळी वेगळ्या काढायच्या आणि ताडून बघायच्या:

```
findstr /C:"-->" juna\bhag04.srt > v1.txt
findstr /C:"-->" nava\bhag04.srt > v2.txt
fc v1.txt v2.txt
```

`FC: no differences encountered` असं आलं की वेळा एकसारख्या. मी या उत्तरांचे स्क्रीनशॉट काढून फॉर्मला जोडले. कुणी मागितले नव्हते, पण तपासणाऱ्याचं काम त्यानं हलकं होतं.

तिसरी तपासणी बाइटची. `fc /b juna\bhag04.srt nava\bhag04.srt` असं दिलं की कुठल्या जागी कुठला बाइट बदलला याची यादी येते. ि म्हणजे E0 A4 BF, ी म्हणजे E0 A5 80. पहिला बाइट तोच, पुढचे दोन बदलतात. म्हणून यादीत फक्त दोनच प्रकारच्या ओळी दिसायला हव्यात, एकाखाली एक, जोडीनं:

```
0000A41C: A4 A5
0000A41D: BF 80
```

या जोडीपेक्षा वेगळी एकही ओळ दिसली तर तिथे थांबून बघायचं. मी आठही याद्या वरपासून खालपर्यंत सरकवत पाहिल्या. दिसायला कंटाळवाणं काम आहे, पण वेलांटी सोडून कशालाही हात लागलेला नाही, याचा इतका भक्कम पुरावा दुसरा नाही.

हे सगळं झाल्यावरही व्हिडिओ लावून पाहायचाच असतो. सहाव्या भागातल्या लग्नाच्या प्रसंगात सबटायटल आलं आणि त्यात ‘शिला’ तशीच होती. फाइलमध्ये शोध दिला तर सापडेना. डोळ्यांना समोर दिसतंय आणि संगणक नाही म्हणतोय. ती ओळ कुठूनतरी चिकटवलेली असावी. ‘शि’ आणि ‘ला’ यांच्या मध्ये शून्य रुंदीचं एक अदृश्य अक्षर बसलं होतं, यू+२००सी. ते दिसत नाही, जागा घेत नाही, पण ‘शि’च्या लगेच पुढे ‘ल’ येत नसल्यामुळे आमच्या शोधातून ती ओळ निसटली. शोधाचा नमुना असा केला की तशी रूपंही पकडली जातात:

```
शि[\u200c\u200d]*ल
```

पुन्हा आठही फाइली चाळल्या. तशी आणखी एक जागा सातव्या भागात निघाली, तीही लग्नाच्या आठवणीचीच. आता प्रश्न असा, की नुसती वेलांटी बदलावी की ते अदृश्य अक्षरही काढावं? मी काढलं, कारण पुढच्या माणसाला नाव शोधता आलं पाहिजे. पण ते काढल्यावर त्या दोन फाइली तीन-तीन बाइटनं लहान झाल्या, आणि त्या जागेनंतर `fc /b`ची यादी निरुपयोगी होते, कारण पुढचं सगळंच सरकलेलं असतं. म्हणून क्रम असा ठेवला: आधी वेलांट्यांचे बदल आणि त्यांची बाइट-तपासणी, मग अदृश्य अक्षर काढणं, मग फक्त वेळेच्या ओळींची तपासणी पुन्हा एकदा. फॉर्मच्या शेऱ्यात तीन बाइट का कमी झाले ते लिहिलं.

फॉर्म भरणं हा वेगळाच व्याप होता. प्रत्येक बदललेल्या ओळीची नोंद हवी होती, आणि दोन्ही फाइलींत क्रमांक एकच असल्यामुळे जुना आणि नवा मजकूर शेजारी-शेजारी काढून देणारी आज्ञावली त्या मुलानं रात्रीतून लिहून पाठवली. एकाच सबटायटलमध्ये नाव दोनदा आलं तर नोंद एकच करायची, हे मी आधी विचारून घेतलं होतं. मी सगळं ३० सप्टेंबरला पाठवलं.

तपासणीतून आठवड्याभरानं एक शंका आली. ‘भाग ३, क्रमांक १८८: नाव बदलायचं राहिलं.’ बघितलं तर तिथे ‘शिलेदार’ होता. तपासणाऱ्यानंही सरळ ‘शिले’ शोधलं असणार. मी त्या प्रसंगाची वेळ आणि पूर्ण संवाद कळवला, सोबत ‘ठेव’ खूण केलेल्या शब्दांची यादी जोडली. शंका त्याच दिवशी बंद झाली. ती यादी पहिल्याच मेलसोबत पाठवावी, हे इतरांना सांगण्यासारखं आहे. काय बदललं हे फॉर्ममध्ये येतं, पण दिसायला सारखं असून काय मुद्दाम ठेवलं, यासाठी फॉर्ममध्ये रकाना नसतो.

बिल मंजूर होऊन पैसे दिवाळीच्या आधी आले. पण त्याआधीच संस्थेनं इंग्रजी फाइलही पाठवली. तिथे `Shila` होतं, करायचं `Sheela`. मराठीतली सगळ्यात मोठी सोय इथे नव्हती. नाव एका अक्षरानं वाढतं, म्हणजे फाइलचा आकार बदलणारच. आकाराचा हिशेब इथे असा मांडला: नाव जितक्या वेळा आलं तितकेच बाइट वाढायला हवेत, एकही कमी नाही, एकही जास्त नाही. `\b` इंग्रजीत नीट चालतं, त्यामुळे शब्द पकडणं सोपं होतं, आणि `Shila's`ही त्यात आपोआप येतं. अडचण आली ती ओळींच्या लांबीची. ग्राहकाच्या नियमपत्रात एका ओळीत ४२ अक्षरांची मर्यादा होती आणि काही ओळी आधीच ४२वर टेकलेल्या होत्या. एका अक्षरानं त्या ४३ झाल्या. अशा ठिकाणी वेळ वाढवायचा मोह होतो, कारण सॉफ्टवेअर लाल खूण दाखवतं आणि शेवटची वेळ थोडी ओढली की वाचायला अवधी मिळतो. पण वेळ बंद आहे. मी प्रत्येक ठिकाणी वरच्या ओळीतला शेवटचा शब्द खालच्या ओळीत उतरवला, तेही वाक्य जिथे अर्थानं तुटतं तिथेच. ओळ तोडणं हा मजकुरातला बदल आहे, म्हणून फॉर्ममध्ये त्याचीही नोंद केली. एका ठिकाणी दोन्ही ओळी भरलेल्या होत्या. तिथे मी काहीच केलं नाही. ४३ अक्षरांची ती ओळ आणि तिचा क्रमांक संस्थेला कळवला, आणि त्यांच्या इंग्रजी संपादकानं वाक्यातला एक शब्द कमी करून दिला.